बास्केट बदलण्याआधी ग्राइंडर

घरगुती एस्प्रेसो मशीन घ्यायला गेलेला माणूस खोक्यावरचा '१५ बार' हा आकडा वाचतो, दूध फेसाळणारी नळी बघतो, पाण्याची टाकी किती लिटरची आहे ते विचारतो. मशीनला अडकवायच्या दांड्यात, म्हणजे पोर्टाफिल्टरमध्ये, स्टीलची एक छोटी वाटी बसलेली असते. तिच्याकडे सहसा कोणी बघत नाही. या वाटीला बास्केट म्हणतात. कॉफीची पूड हिच्यात भरायची, टॅम्परने दाबून बसवायची, दांडा मशीनला अडकवून बटण दाबायचे. कपात काय पडणार, हे ठरवण्यात या बास्केटचा वाटा खोक्यावर छापलेल्या आकड्यापेक्षा मोठा असतो.

आपल्याकडची बास्केट कोणत्या प्रकारची आहे, हे ओळखायला माहितीपत्रक लागत नाही. ती रिकामी करून उजेडासमोर धरा. आतून पाहिले तर दोन्ही प्रकारांत तळाला बारीक छिद्रांची जाळी दिसते. फरक आहे तो बाहेरच्या बाजूला. बाहेरूनही तीच जाळी दिसत असेल आणि उजेड सगळ्या छिद्रांतून आरपार येत असेल, तर ती नॉन-प्रेशराइज्ड किंवा सिंगल वॉल बास्केट. बाहेरून तळ गुळगुळीत असेल आणि त्यात सुईच्या टोकाएवढे एकच छिद्र असेल, तर ती प्रेशराइज्ड किंवा ड्युअल वॉल बास्केट. म्हणजे जाळीच्या खाली आणखी एक तळ आहे आणि जाळीतून उतरलेली सगळी कॉफी त्या एकाच छिद्रातून बाहेर पडणार आहे.

खरेदीच्या वेळी इथेच एक गोंधळ होतो. 'सिंगल' आणि 'डबल' हे शब्द बास्केटच्या मापासाठीही वापरतात: सिंगल म्हणजे एका शॉटची, डबल म्हणजे दोन शॉटची. त्याचा तळाशी काही संबंध नाही. काही मशीनच्या खोक्यात चार बास्केट येतात, दोन मापांच्या प्रत्येकी दोन प्रकारांत, आणि त्या एकमेकींत मिसळल्या की ओळख पटवायला उजेडाचीच परीक्षा कामी येते. या लेखात सोयीसाठी पहिलीला 'साधी' आणि दुसरीला 'प्रेशराइज्ड' म्हणू.

दाब येतो कुठून?

पंप दाब तयार करतो, असे आपण सहज म्हणतो. खरे तर पंप फक्त पाणी ढकलतो. पुढे काही अडथळा नसेल तर ते पाणी नळासारखे वाहून जाईल आणि दाब जवळजवळ शून्य राहील. पाणी अडले, तरच दाब वाढतो. म्हणून खोक्यावरचे १५ बार म्हणजे पंपाची कमाल ताकद. तुमच्या कॉफीवर प्रत्यक्षात किती दाब पडतो, हे पाण्याला पुढे किती अडवले जाते त्यावर ठरते.

एस्प्रेसोमध्ये अडवण्याचे हे काम मुळात कॉफीच्याच पुडीचे. मिलानच्या अकिले गॅजिया यांनी १९३८मध्ये आपल्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४८च्या सुमारास त्यांची लीव्हरची मशीन बाजारात आली. त्याआधीची मशीन वाफेच्या दाबावर चालत, तो दाब एक-दीड बारच्या आसपासचा. लीव्हर आणि स्प्रिंगमुळे तो कितीतरी पटींनी वाढला, आणि कपावर पहिल्यांदा तो सोनेरी-तपकिरी साय-थर आला, ज्याला आज क्रेमा म्हणतात. पुढे १९६१मध्ये फाएमा कंपनीच्या ई६१ मशीनने लीव्हरच्या जागी विजेवरचा पंप आणला. सुमारे ९ बारचा दाब तेव्हापासून एस्प्रेसोचे प्रमाण मानला जातो. या सगळ्या यंत्रांत गृहीत एकच होते: पूड इतकी बारीक आणि इतकी सारखी बसलेली असेल की पाणी तिच्यातून वाट काढताना अडेल.

साधी बास्केट हेच गृहीत धरते. तिच्या शेकडो छिद्रांचे काम पूड अडवण्यापुरते, पाणी अडवणे पुडीवर सोडलेले. आणि पुडीचा हा अडथळा फार नाजूक असतो. कण जितके बारीक, तितक्या त्यांच्यामधल्या फटी लहान. ढोबळ हिशेबाने कणांचा आकार निम्मा झाला तर पाण्याला होणारा अडथळा चौपट होतो. त्यामुळे दळणात डोळ्यांना दिसणारही नाही इतका फरक पडला, तरी शॉट वीस सेकंदांवरून चाळीसवर जाऊ शकतो.

प्रेशराइज्ड बास्केट हे काम पुडीकडून काढून घेते. पूड जाड असो, शिळी असो, तिरकी दाबलेली असो. शेवटी सगळे पाणी एका छिद्रातूनच जायचे आहे, त्यामुळे ते अडतेच. मशीनवर दाबाचा काटा असेल तर तोही समाधानकारक आकडा दाखवतो. पण तो दाब कॉफीच्या थरात खर्च होत नाही. थराच्या वर आणि खाली दाब जवळपास सारखाच असतो, आणि सगळा उतार त्या छिद्रापाशी येतो. काटा दाखवतो तो प्रामुख्याने त्या छिद्राचा अडथळा.

दोन फेस, दोन कारणे

नवशिक्याची सर्वांत मोठी फसगत होते ती फेसामुळे. कॉफी भाजताना बियांमध्ये कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि भाजल्यानंतरही काही आठवडे तो आत टिकून राहतो. दाबाखालच्या गरम पाण्यात हा वायू विरघळतो. कॉफी बास्केटमधून बाहेर पडते, दाब एकदम उतरतो आणि वायू अगदी सूक्ष्म बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो. कॉफीतले तेल आणि इतर द्रव्ये या बुडबुड्यांभोवती पातळ आवरण धरतात. हा क्रेमा दाट असतो, चमच्याने बाजूला केला तर पुन्हा मिटतो आणि काही मिनिटे टिकतो.

प्रेशराइज्ड बास्केटमध्ये याच्या जोडीला दुसरी गोष्ट घडते. एका छिद्रातून कॉफीची धार जोरात सुटते, दांड्याच्या आत आपटते आणि तिच्यात हवा मिसळते. असा फेस रंगाने फिका असतो, बुडबुडे डोळ्यांना दिसण्याइतके मोठे असतात आणि बऱ्याचदा साखर ढवळेपर्यंत तो विरून जातो. पिण्याच्या दृष्टीने त्यात वाईट काही नाही. अडचण अशी की हा फेस सहा महिने जुन्या पुडीवरही येतो. साध्या बास्केटमध्ये क्रेमा अजिबात आला नाही, तर कॉफी शिळी आहे किंवा दळण फार जाड आहे असा अंदाज बांधता येतो. प्रेशराइज्ड बास्केटमध्ये फेस जवळजवळ नेहमीच येतो, म्हणून त्यावरून काहीच समजत नाही.

कंपन्या ती का देतात?

यात लबाडी नाही. स्वस्त मशीन घेणाऱ्या बहुतेकांकडे चांगला ग्राइंडर नसतो. ते दुकानातून दळलेली कॉफी आणतात. दुकानातली पूड कोणा एका मशीनसाठी दळलेली नसते, आणि पाकीट फोडल्यापासून तिच्यातला वायू आणि वास उडत असतो. अशी पूड साध्या बास्केटमध्ये टाकली तर पाच-सात सेकंदांत पिवळट पाणी खाली येईल, आणि ग्राहक मशीन बिघडले म्हणून परत करील. प्रेशराइज्ड बास्केट त्याला पहिल्याच दिवशी पिण्याजोगा, फेस असलेला कप देते.

कोणत्या मशीनसोबत काय येते, हे पाहिले तर हा हिशेब दिसतो. डेलाँगीची डेडिका ईसी६८५ ही ५१ मिलिमीटरच्या बास्केटची अरुंद मशीन ग्राइंडरशिवाय विकली जाते, आणि तिच्यासोबतच्या पुडीच्या बास्केट प्रेशराइज्ड असतात. ब्रेव्हिलच्या बरिस्ता एक्स्प्रेसमध्ये ग्राइंडर मशीनमध्येच बसवलेला आहे, म्हणून तिच्या खोक्यात दोन्ही प्रकार येतात: ताजे दळणाऱ्याला साधी, पाकिटातली पूड वापरणाऱ्याला प्रेशराइज्ड. ग्राइंडर असेल की नसेल, या अंदाजावर बास्केट ठरते.

एकच कॉफी, दोन बास्केट

समजा, पुण्यातल्या एका घरी डेडिका आहे. चिकमगळूरची मध्यम भाजलेली अरेबिका आहे, रोस्टरकडून 'एस्प्रेसो' दळणात मागवलेली. सोबत ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा आहे. पुढच्या हिशेबातले सेकंद प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात तसेच्या तसे येणार नाहीत. पण घडण्याचा क्रम हाच असतो.

आधी प्रेशराइज्ड डबल बास्केट. १४ ग्रॅम पूड भरली, दाबली, कप वजनकाट्यावर ठेवला आणि कपात २८ ग्रॅम कॉफी पडली की बटण बंद केले. एस्प्रेसोचा सुरुवातीचा धडा हाच: पूड एक भाग, कपातली कॉफी दोन भाग. सुमारे बावीस सेकंद लागले, वर फेस आला. चव ठीक, थोडी सपाट. आता याच बास्केटमध्ये मोका पॉटसाठी दळलेली, म्हणजे जरा जाड पूड वापरली. वेळ वीस सेकंदांच्या आसपासच राहिली. फेस तसाच. कॉफी मात्र आणखी पातळ आणि किंचित आंबट लागली. जाड कणांच्या पोटातली चव बाहेर यायला वेळ लागतो, आणि वेळ तर वाढलेली नाही. दळण बदलले, चव बदलली, पण घड्याळ आणि फेस दोघेही गप्प राहिले. शिकणाऱ्याला कारण शोधायला धागाच मिळत नाही.

आता ५१ मिलिमीटरची साधी बास्केट. तेच पाकीट, तेच 'एस्प्रेसो' दळण, तेच १४ ग्रॅम. बटण दाबल्यावर दोन-तीन सेकंदांत धार सुरू झाली आणि आठ सेकंदांत २८ ग्रॅम पूर्ण. रंग फिका, चव आंबट-खारट, जिभेवर काही उरत नाही. पुष्कळ जण इथे बास्केटला दोष देऊन ती परत करतात. खरे तर बास्केटने फक्त एवढेच सांगितले की ही पूड या मशीनसाठी जाड आहे.

मग त्याच कॉफीच्या बिया आणि हाताचा ग्राइंडर आला. दळण बारीक केले: पंधरा सेकंद. रंग गडद झाला, आंबटपणा अजून टोचतो. आणखी बरेच बारीक केले: पंप घोगरा आवाज करू लागला, पहिला थेंब पडायलाच वीस सेकंद गेले, २८ ग्रॅम व्हायला मिनिटाहून जास्त. चव कडू, शेवटी जिभेवर तुरटपणा. म्हणजे योग्य जागा या दोहोंच्या मध्ये आहे. एक एक खाच मागे येत गेल्यावर एका खाचेवर चाळीस सेकंद आले आणि तिच्या शेजारच्या खाचेवर अठरा. हवे होते पंचवीस ते तीस, आणि ग्राइंडरला मधली खाचच नाही.

अशा वेळी दळणाऐवजी वजन हलवायचे. अठरा सेकंदांच्या खाचेवर १४ऐवजी १४.५ ग्रॅम पूड घेतली. थर किंचित जाड झाला, अडथळा वाढला, आणि २९ ग्रॅम कॉफी पंचवीस सेकंदांत आली. आता कपात आंबटपणा आहे, पण तो फळाचा वाटतो. मागोमाग गोडी येते आणि कडवटपणा शेवटी हलकासा राहतो. दळण, वजन आणि वेळ यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा या साऱ्या उद्योगाचा नियम. दोन्ही एकदम बदलल्या, तर कशाने काय झाले ते कळत नाही.

पंचवीस-तीस सेकंद हा काही कायदा नाही. अनेक स्वस्त मशीनमध्ये जास्तीचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह ९ बारवर लावलेला नसतो, त्यामुळे फार बारीक दळणावर कॉफीच्या थरावर गरजेपेक्षा जास्त दाब येतो आणि थर फाटतो. अशा मशीनवर किंचित जाड दळण आणि वीस-बावीस सेकंदांचा शॉट अधिक गोड लागू शकतो. शेवटचा शब्द जिभेचा. आंबट आणि पातळ लागले तर बारीक दळा किंवा कपात थोडी जास्त कॉफी येऊ द्या. कडू आणि तुरट लागले तर उलटे करा.

बिघडते कुठे आणि कळते कसे?

साध्या बास्केटचा नेहमीचा रोग म्हणजे चॅनलिंग. पाणी नेहमी सोपी वाट शोधते. पूड एका बाजूला कमी पडली असेल, तिच्यात गुठळ्या असतील किंवा टॅम्पर तिरका दाबला गेला असेल, तर थरात एखादी कमजोर जागा राहते. दाबाखालचे पाणी तिथूनच बोगदा काढते. त्या बोगद्याच्या आसपासच्या पुडीतून नको तेवढे ओढले जाते आणि बाकीची पूड जवळजवळ कोरी राहते. म्हणूनच एकाच कपात कडू आणि आंबट अशा दोन्ही तक्रारी एकदम येतात, आणि नवशिक्याला दळण बारीक करावे की जाड हे उमगत नाही. कालच्याच खाचेवर, तेवढ्याच वजनाला, आज अचानक दहा सेकंद कमी लागले, तर दळणाला हात लावण्याआधी चॅनलिंगचा संशय घ्यावा.

हे डोळ्यांनी बघायचे असेल तर बिनतळाचा पोर्टाफिल्टर उपयोगी पडतो. त्याला खालची तोटी नसते, बास्केटचा तळ उघडा दिसतो. नीट बसलेल्या थरातून कॉफी आधी सगळीकडे थेंबांनी डोकावते आणि मग मधोमध एक धार होते. चॅनलिंग असेल तर एका बाजूने बारीक पिचकारी उडते, कधी थेट ओट्यावर. उपाय साधे आहेत. पूड बास्केटमध्ये टाकल्यावर पातळ सुयांच्या हत्याराने तळापर्यंत ढवळून गुठळ्या मोडाव्यात, वरचा भाग सपाट करावा आणि टॅम्पर सरळ धरून दाबावा. किती जोराने दाबले याला फार महत्त्व नाही. पूड आणखी बसेनाशी झाली की पुरे. सरळ दाबणे महत्त्वाचे. डेडिकासोबत येणारा प्लॅस्टिकचा चमचा-टॅम्पर यासाठी अपुरा आहे. ५१ मिलिमीटरचा सपाट धातूचा टॅम्पर घ्यावा.

प्रेशराइज्ड बास्केट चॅनलिंग झाकून टाकते, कारण एकूण प्रवाह छिद्रानेच रोखलेला असतो आणि पाण्याला पळायला वेग मिळत नाही. तिचा रोग वेगळा: तुंबणे. पूड फार बारीक असेल तर तिची भुकटी जाळीतून खाली उतरते आणि दोन तळांच्या मधल्या जागेत साचते. मग पंप आवाज करतो आणि कपात काही येत नाही. आपल्याकडे हे बऱ्याचदा चिकोरी मिसळलेल्या फिल्टर कॉफीमुळे होते. चिकोरी पाण्यात मऊ होऊन लगदा होते. दाक्षिणात्य पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरमध्ये तिला तासभर सावकाश झिरपायला मिळते, तिथे ती चालते. एका छिद्राच्या बास्केटमध्ये ती वाट बंद करते. म्हणून पाकिटावर चिकोरीचे प्रमाण वाचावे आणि मशीनसाठी शुद्ध कॉफीच घ्यावी. इन्स्टंट कॉफीचा तर यात प्रश्नच नाही. ती बास्केटमध्ये घालायची वस्तू नव्हे.

कपात काही येत नाही असे दिसले, की दांडा लगेच सोडवायचा नाही. आत गरम पाणी दाबाखाली अडकलेले असते आणि अनेक स्वस्त मशीनमध्ये तो उरलेला दाब सोडण्याची सोय नसते. दांडा फिरवला की गरम चोथा तोंडावर, हातावर उडतो. मशीन बंद करून काही मिनिटे थांबावे, मग दांडा टॉवेलने धरून हळूहळू फिरवावा. त्यानंतर बास्केट गरम पाण्यात भिजवावी, छिद्र बारीक सुईने मोकळे करावे आणि उलट बाजूने पाणी सोडावे. तुंबली नसली तरी दोन तळांमध्ये तेल साचून खवट वास येतो, म्हणून ती अशी अधूनमधून भिजवायला हवीच.

पैसे कुठे घालायचे?

वरच्या उदाहरणात साध्या बास्केटने कॉफी सुधारली नाही. ती सुधारली ग्राइंडरने, आणि बास्केटने ग्राइंडरचा फरक दिसू दिला. खरेदीचा क्रम याच्यावरून ठरतो.

ग्राइंडर नसेल आणि घ्यायचाही नसेल, तर साधी बास्केट आणू नये. स्वयंपाकघरातला मिक्सर ही उणीव भरून काढत नाही. त्याचे पाते बिया तोडते, दळत नाही. त्यामुळे एकाच पुडीत रव्यासारखे जाड कण आणि मैद्यासारखी भुकटी असे दोन्ही येते. अशी पूड साध्या बास्केटमध्ये एकदा धो धो वाहते, एकदा तुंबते. तिला प्रेशराइज्ड बास्केटच सांभाळून घेते.

ग्राइंडर घ्यायचा असेल तर बर असलेला, म्हणजे दोन दातेरी चकत्यांमध्ये बिया दळणारा घ्यावा. पण 'बर ग्राइंडर' एवढे शब्द पुरेसे नाहीत. पोअर-ओव्हर आणि फ्रेंच प्रेससाठी बनलेले बरेच स्वस्त ग्राइंडर एस्प्रेसोइतके बारीक दळतात खरे, पण त्यांच्या दोन खाचांमधले अंतर मोठे असते. चाळीस आणि अठरा सेकंदांमधली पोकळी तिथेच निर्माण होते. विकणाऱ्याला विचारायचा प्रश्न असा: एका खाचेला बर किती मायक्रॉन सरकते? एस्प्रेसोसाठी हा आकडा वीस-पंचवीसच्या आत असेल तर बरे. कमी बजेटमध्ये हाताने फिरवायचा ग्राइंडर विजेवरच्या त्याच किमतीच्या ग्राइंडरपेक्षा सहसा चांगला दळतो. त्याची किंमत म्हणजे प्रत्येक शॉटमागे मिनिटभर मनगटाची मेहनत.

ग्राइंडर आल्यावरही साधी बास्केट त्याच दिवशी लागत नाही. ताज्या बिया दळून काही दिवस प्रेशराइज्ड बास्केटमध्येच वापराव्यात. दुकानातल्या पुडीपेक्षा चव लगेच वर जाते, कारण ताजेपणाचा फायदा बास्केट हिरावून घेत नाही. दळण किंचित बारीक करत न्यावे आणि पूड तुंबायला लागली की एक-दोन खाचा मागे यावे. पूड मोजण्याची आणि कपातली कॉफी मोजण्याची सवय याच काळात लागते, आणि तीच पुढे उपयोगी पडते.

साधी बास्केट घेताना तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, व्यास: डेडिकासारख्या मशीनला ५१ मिलिमीटर, ब्रेव्हिलच्या घरगुती मशीनपैकी अनेकांना ५४, गॅजिया क्लासिकला ५८. दुसरी, बिनतळाचा पोर्टाफिल्टर घेत असाल तर त्याचे कान. व्यास सारखा असूनही कानांची संख्या आणि जागा मशीनप्रमाणे बदलते, त्यामुळे नुसते '५१ मिलिमीटर' म्हणून मागवलेला दांडा बसेलच असे नाही. मशीनचे मॉडेल सांगून घ्यावा. तिसरी, बास्केटची खोली. १४ ग्रॅमच्या बास्केटमध्ये १८ ग्रॅम कोंबले तर फुगलेली पूड वरच्या जाळीला टेकते, आणि शॉट वाकडा जातो.

दुधाचा मुद्दा शेवटी, कारण आपल्याकडे बहुतेक कप त्यातच जातात. एका शॉटवर दीडशे मिलिलिटर दूध आणि चमचाभर साखर घातली की दोन बास्केटमधला फरक पुष्कळ कमी होतो. फिका फेस दुधाच्या फेसाखाली जातो, सपाटपणा गोडव्यात विरतो. घरात फक्त कॅपुचिनो आणि कोल्ड कॉफी होत असेल, सकाळी चार जणांना घाईने कप हवे असतील, तर प्रेशराइज्ड बास्केट ही तडजोड नव्हे, योग्य निवड आहे. बिनदुधाची एस्प्रेसो प्यायची असेल, एका मळ्याच्या बिया दुसऱ्या मळ्यापेक्षा वेगळ्या का लागतात हे जाणून घ्यायचे असेल आणि त्यासाठी सुरुवातीला थोडी कॉफी मोरीत ओतायची तयारी असेल, तर साधी बास्केट हवी. तेव्हा बजेट एकाच वस्तूपुरते असेल तर बास्केटच्या आधी ग्राइंडर घ्या, आणि मशीनसोबत आलेली प्रेशराइज्ड बास्केट फेकू नका. बिया संपल्या आणि घरात फक्त पाकिटातली पूड उरली, की तीच लागते.